बातमीतले एक चुकीचे वाक्य आणि बंद झालेली रक्तदाबाची गोळी

आदरणीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या पूर्व भागात झालेल्या आरोग्य शिबिराची बातमी आपल्या मंगळवारच्या अंकात वाचली. दीपप्रज्वलन कोणी केले, सत्कार कोणाचे झाले, आभार कोणी मानले, हे सारे त्या बातमीत बिनचूक आहे. ज्या बारा मिनिटांच्या भाषणासाठी आम्ही बायका उन्हातून चालत तिथे गेलो होतो, त्याला मात्र आपण दोनच वाक्ये दिलीत, आणि त्यांतले दुसरे साफ चुकीचे आहे. 'रक्तदाबाच्या गोळ्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात, असा इशारा डॉक्टरांनी दिला,' असे आपण छापले आहे.

मी तिसऱ्या रांगेत बसून ते भाषण ऐकले आहे. डॉक्टर मॅडम असे बोललेल्या नाहीत. रक्तदाबाची गोळी चालू असताना आपल्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेतल्या, आणि त्यातच जुलाबाने किंवा उन्हाने अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडे अचानक काम थांबवू शकतात, असे त्यांनी सांगितले. आपल्या वाक्यातून वेदनाशामक गोळी गळाली, जुलाब गळाले, ऊन गळाले आणि सगळा दोष एकट्या रक्तदाबाच्या गोळीच्या माथी आला. मंगळवारीच शेजारच्या काकू आपला अंक हातात घेऊन माझ्याकडे आल्या आणि त्यांनी सकाळची गोळी घेतली नसल्याचे सांगितले. आपल्याला हे पत्र लिहिण्याचे कारण त्या काकू आहेत, आणि त्याहून जुने कारण माझ्या सासूबाई आहेत.

माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसल्याने कंबर आणि गुडघे कायमचे धरलेले. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, घरातले लग्न आटोपल्यावर, गुडघे इतके सुजले की त्यांनी नातवाला कोपऱ्यावरच्या औषध दुकानात पाठवले. दुकानदाराने कात्रीने पट्टी कापून दहा गोळ्या कागदी पाकिटात घालून दिल्या आणि 'सकाळ-संध्याकाळ एक' असे तोंडी सांगितले. आजीला रक्तदाबाची गोळी चालू आहे का, एवढे त्याने विचारले नाही. ती चालू होती. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि त्यातच लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मिलिग्रॅम, अशी एकत्र गोळी त्या सहा वर्षे रोज सकाळी नेमाने घेत होत्या आणि मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन जानेवारीतल्या तपासणीत ०.९ म्हणजे उत्तम आले होते.

तेवढ्या गोळ्यांनी पुरेसा आराम पडेना, म्हणून आमच्या चुलत सासऱ्यांच्या डब्यातली दुखण्याची आणखी एक गोळी त्या दुपारी घेऊ लागल्या. पाकिटातली गोळी अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची होती, डब्यातली डायक्लोफेनॅकची. रंग वेगळा, नाव वेगळे, त्यामुळे औषधही वेगळे असणार, असे त्यांना आणि आम्हालाही वाटले. प्रत्यक्षात ती एकाच जातीची दोन औषधे होती आणि त्या दुप्पट मात्रा घेत होत्या.

सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसात सात-आठ वेळा जावे लागे. समोरच्या घरातल्या बाईंनी प्रेमापोटी आपल्याकडे उरलेल्या ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून दिल्या. दहाच्या पट्टीतल्या सहा घेऊन बरे वाटताच त्यांनी त्या ठेवून दिल्या होत्या. सासूबाईंनी त्या दोन दिवसांत संपवल्या. सारखे उठावे लागू नये म्हणून पाणी अगदी घोट-घोट प्यायल्या. रक्तदाबाची गोळी मात्र शिस्तीने चालूच होती. आठव्या दिवशी सकाळी त्यांना उठवले, तर त्या मला नावाने ओळखेनात. आदल्या संध्याकाळपासून लघवी जवळजवळ झालीच नव्हती, हे त्यानंतर आमच्या लक्षात आले.

रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, तो 'काय काय घेतले आहे?' हा. मी पर्समधून पट्ट्यांचे तुकडे काढून टेबलावर ठेवले. एका तुकड्यावर नावाची शेवटची अक्षरे तेवढी शिल्लक होती, 'फेनॅक'. डायक्लोफेनॅकही फेनॅकवर संपते आणि अॅसिक्लोफेनॅकही. पट्टीची तांबडी रेघ, मात्रा, मुदत संपल्याची तारीख, सारे कात्रीने दुकानातच राहिले होते, आणि बिल नव्हतेच. क्रिएटिनिन ४.६ आले, पोटॅशियम ६.०. पोटॅशियम एवढे वाढले की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून लगेच ईसीजी काढला. तिन्ही प्रकारच्या गोळ्या बंद केल्या, सलाइन चालू केले आणि तासातासाची लघवी मोजली. डायलिसिस करावे लागेल की काय, या धास्तीत आम्ही दोन रात्री जिन्यात बसून काढल्या. ते करावे लागले नाही. पाचव्या दिवशी आकडा १.८ वर आला आणि तीन आठवड्यांनी १.२ वर स्थिरावला. पूर्वीच्या ०.९ वर तो पुन्हा कधी गेला नाही.

हे कसे घडते, ते डॉक्टर मॅडमनी रविवारी सोलापुरातल्या कोणत्याही बाईला कळेल असे सांगितले. मी स्वतः ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, पण मला ते इतके सोपे करून सांगता आले नसते. मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या दाबावर चालतात. आपल्या नळाला प्रेशर नसले की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसेच दाब गेला की रक्त गाळले जात नाही. गाळणीत रक्त आणणारी नळी आणि नेणारी नळी, अशा दोन नळ्या असतात. अंगातले पाणी कमी झाले की शरीर एका द्रव्याच्या साहाय्याने आणणारी नळी रुंद ठेवते आणि दुसऱ्या द्रव्याच्या साहाय्याने नेणारी आवळून धरते, त्यामुळे दाब टिकतो. वेदनाशामक गोळी ते पहिले द्रव्यच तयार होऊ देत नाही, म्हणून आणणारी नळी अरुंद होते. नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' असलेली रक्तदाबाची गोळी नेणारी नळी सैल करते. एरवी हे सैल होणे हिताचेच असते, त्याने गाळणीवरचा जादा ताण उतरतो. पण लघवीची गोळी, जुलाब आणि मे महिन्यातले ४२-४३ अंशांचे ऊन मिळून टाकीतले पाणीच कमी करतात, आणि वेदनाशामक आत येणारा नळ दाबून धरते, तेव्हा दाब उरत नाही. गाळणी फुटलेली नसते, ती थांबलेली असते. म्हणूनच लवकर ओळखले तर ती पुन्हा चालू होते.

जुलाबावर घेतल्या जाणाऱ्या अशा उरलेल्या गोळ्यांविषयी डॉक्टर मॅडम जे बोलल्या, ते आपल्या बातमीत एका अक्षरानेही नाही. बहुतेक जुलाबांना प्रतिजैविक लागतच नाही, पाणी आणि क्षार परत द्यावे लागतात. त्यासाठी ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, आणि ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. शौचातून रक्त पडले किंवा जोराचा ताप आला, तर प्रतिजैविक लागू शकते, पण कोणते आणि किती दिवस, हे तपासणारा डॉक्टर ठरवतो. उरलेल्या चार गोळ्या कोणत्याही आजाराचा पुरा उपचार नसतात. जंतू मरायला त्या अपुऱ्या पडतात, आणि पोटातल्या जंतूंपैकी जे त्यांना दाद देत नाहीत, त्यांना वाढायला मोकळे रान मिळते. आमच्या घरी त्यात आणखी एक गोष्ट झाली. ऑफ्लॉक्सासिन शरीरातून मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडेच थांबलेली असताना ते रक्तात साठत गेले असावे, आणि सासूबाईंच्या असंबद्ध बोलण्याला त्याचाही हातभार लागला असावा, असे रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते. शेजारणीच्या मायेला मी दोष देत नाही. त्या बाईंनी आमचे करावे तेवढे केले आहे.

दुकानदाराला मात्र मी दोष देते. या सर्व गोळ्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. काही प्रतिजैविकांसाठी तर १ मार्च २०१४ पासून वेगळी नोंदवही ठेवण्याची सक्ती आहे. तीत डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या लिहून ती तीन वर्षे जपायची असते. आमच्या गल्लीत 'अंगदुखीची द्या' म्हटले की कात्री चालते. गरिबाला पूर्ण पट्टी परवडत नाही, हे मला मान्य आहे. पण मग पाकिटावर पेनाने औषधाचे नाव आणि मात्रा लिहायला किती वेळ लागतो?

आणि महोदय, हेही लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या पानावर ही बातमी आहे, त्याच पानाच्या तळाशी गुडघेदुखी 'सात दिवसांत मुळापासून' घालवणाऱ्या चूर्णाची पाव पानाची जाहिरात आहे. अशा चूर्णांत स्टेरॉइड आणि वेदनाशामके मिसळलेली तपासण्यांत अनेकदा आढळली आहेत. ती जाहिरात आपण का स्वीकारता, याचे उत्तर आपण वाचकांना द्यावे.

काकूंचे सांगायचे राहिले. मंगळवारी मी समजावले, तरी 'पेपरात छापून आले आहे' म्हणून त्यांनी बुधवारीही गोळी घेतली नाही. आज गुरुवारी सकाळी माझ्याकडच्या यंत्रावर त्यांचा रक्तदाब १७६/१०२ भरला. एरवी तो १३० च्या आसपास असतो. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर त्यानेच मूत्रपिंडे झिजतात, हे मी त्यांना पुन्हा सांगितले, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला आणि त्यांनी माझ्यासमोर गोळी घेतली. ज्यांच्या शेजारी रविवारी ते भाषण ऐकलेले कोणी राहत नाही, अशा आपल्या वाचकांचे काय झाले असेल, या विचाराने मी अस्वस्थ आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, आपण उद्याच्याच अंकात, त्याच पानावर आणि बातमीच्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापावी. रक्तदाबाची गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. ती घेणाऱ्याने दुखण्यावर गोळी आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या, तर रक्तदाबाची गोळी त्या दोन-तीन दिवसांत घ्यायची की थांबवायची, हे त्याच दिवशी फोन करून विचारावे. आणि लघवी एकदम कमी झाली, पायांवर सूज आली किंवा माणूस गुंगीत बोलू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता क्रिएटिनिन तपासावे. डॉक्टर मॅडमनी रविवारी सांगितले ते हे एवढे होते. सत्कारांची नावे ज्या जागेत बसली, तेवढ्या जागेत हे सहज बसते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर