‘ए ग्रेड’ म्हणजे नेमके काय?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताना काय पाहावे, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ग्राहकाने विक्रेत्याला विचारायचे प्रश्न त्यात चांगले दिले आहेत. पण मुळात ते विचारावे का लागावेत? उत्तरे लिस्टिंगमध्येच असायला हवीत. असे लॅपटॉप तपासून विक्रीला लावणे हेच माझे काम असल्याने ही बाजू मांडतो.

घोळ सुरू होतो ग्रेडपासून. ए, बी, सी या अक्षरांची सगळ्या विक्रेत्यांना बांधून ठेवणारी एकच व्याख्या नाही. शिवाय बहुतेक जण ग्रेड देतात तो फक्त बाहेरच्या रूपाला. ग्राहक मात्र ‘ए ग्रेड’ वाचून बॅटरीही ठणठणीत असणार असे धरून चालतो, आणि विक्रेता त्याचा गैरसमज दूर करत नाही. म्हणून अक्षरापुढे सरळ लिहावे: ‘ग्रेड बी, फक्त बाह्य स्थितीसाठी. झाकणावर दोन बारीक ओरखडे, हातभर अंतरावरून दिसतात. स्क्रीनवर डाग नाहीत, पांढरा पडदा लावून पाहिले.’ स्क्रीनवरचे दाबाचे डाग काळ्या पडद्यावर लपतात, त्यामुळे बंद स्क्रीनचा फोटो काहीच सांगत नाही. आणि फोटो त्याच नगाचा हवा, कंपनीच्या जाहिरातीतला नको.

खरी लपवाछपवी होते बॅटरीत. ‘बॅटरी उत्तम’ या दोन शब्दांना काही अर्थ नाही, कारण ते खोटे ठरवता येत नाहीत. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर ही एक आज्ञा दिली की अहवाल तयार होतो:

```
powercfg /batteryreport
```

त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे असतात. समजा पहिला ५०,००० मिलिवॉट-तास आहे आणि दुसरा ३८,५००. म्हणजे बॅटरीत मूळ क्षमतेच्या ७७ टक्के उरली आहे. साध्या कामात लॅपटॉप सरासरी १० वॉट खात असेल, तर ती चार तासांच्या थोडी आतच संपेल. ग्राहकाला हवे असते ते एवढेच, आणि ते एका ओळीत लिहिता येते.

पण नुसती टक्केवारी देऊन भागत नाही. जुनी बॅटरी काढून स्वस्तातली बसवली असेल, तर अहवाल त्या नव्या बॅटरीच्या चिपमध्ये नोंदवलेली क्षमताच ‘मूळ’ धरतो. लॅपटॉपसोबत आलेली बॅटरी ५०,०००ची होती आणि आता बसवलेली ४०,०००ची असली, तरी अहवाल १०० टक्के दाखवू शकतो! त्यात खोटे काहीच नाही, तरी ग्राहक फसतो. म्हणून टक्क्यांसोबत वॉट-तासही द्यावेत आणि बॅटरी बदलली असल्यास तसे लिहावे. अहवालातला आकडा हा बॅटरीच्या चिपचा अंदाज असतो आणि तो कधीकधी चुकतो. पूर्ण चार्ज करून, बॅटरी संपेपर्यंत लॅपटॉप चालवून वेळ मोजली की तेही कळते. हे काम वेळखाऊ आहे, मान्य. जमत नसेल तर ‘आकडा अहवालातला आहे, चालवून पाहिलेले नाही’ असे लिहावे. त्याने कमीपणा येत नाही.

सोबत काय मिळणार, हेही मोघम नको. ‘चार्जरसह’ म्हणजे कोणता चार्जर? ६५ वॉट लागणाऱ्या लॅपटॉपला ४५ वॉटचा दिला, तर तो सावकाश चार्ज होतो आणि जड कामाच्या वेळी प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरू शकते. ग्राहकाला वाटते लॅपटॉपच बिघडलेला आहे. चार्जर किती वॉटचा, मूळ कंपनीचा की दुसऱ्या कंपनीचा, हे लिहावे. जे मिळणार नाही (बॅग, माउस, खोका) तेही सांगून टाकावे.

राहिली वॉरंटी. ‘सहा महिने वॉरंटी’ हे वाक्य अर्धवट आहे. ती लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची की विक्रेत्याची? बिलाच्या तारखेपासून की वस्तू हाती पडल्यापासून? बिघाड झाला तर दुरुस्ती मिळणार, बदली मिळणार की पैसे परत, आणि पाठवायचा खर्च कोण करणार? सर्वाधिक वाद होतात ते बॅटरीवरून. अनेक विक्रेते तिला वॉरंटीतून वगळतात, पण ते अटींच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. वगळायची असेल तर ‘बॅटरीला वॉरंटी नाही’ हे कालावधीच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत असावे. द्यायची असेल तर आकडा सांगावा: ‘सहा महिन्यांत क्षमता ६० टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून देऊ.’ विक्रीच्या दिवशीचा अहवाल बिलासोबत जोडला, तर पुढे कोणाचे खरे हे ठरवायला दोघांकडे एकच कागद असतो.

आपला,
एक वाचक