खालच्या मजल्यावरच्या काकांना, सगळ्यांसमोर थँक्यू

काका, तुम्ही लिंक्डइनवर नाही, त्यामुळे हे मी तुम्हाला प्रिंट काढून आणून देणार आहे, पण लिहितोय इथेच, कारण तीन आठवड्यांपूर्वी माझी जी पोस्ट इथल्या लोकांनी वाचली आणि ज्यावरून मला फोन आले ती माझी एकट्याची नव्हती, आणि हे सांगायचं राहून गेलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ३० सप्टेंबर २०२५ ला माझी चाकणमधली नोकरी गेली. सप्लायर क्वालिटीमध्ये होतो, ७ वर्षं ८ महिने. आमची एक लाईन बंद झाली आणि तिच्याबरोबर आमच्यातल्या नऊ जणांच्या पोझिशन्सही गेल्या. मीटिंग वीस मिनिटांची होती आणि शेवटी समोर एक छापलेला कागद आला, 'वैयक्तिक कारणांमुळे राजीनामा देत आहे', खाली सहीची जागा. सांगितलं की असं केलं तर तुझं रेकॉर्ड स्वच्छ राहील. मी पेन हातात घेतलं होतं खरं तर. मग म्हटलं उद्या देतो, आणि संध्याकाळी घरी न जाता आधी तुमच्याकडे आलो, कारण बायकोला काय सांगायचं तेच कळत नव्हतं.

तुम्ही आयुष्यभर पर्सोनेलमध्ये काढलेलं. कागद दोनदा वाचलात, टेबलावरची पेन्सिल घेतलीत आणि 'वैयक्तिक' या शब्दाभोवती गोल केलात. म्हणालात, "तुझी काही वैयक्तिक कारणं आहेत का? मग लिहायचं कशाला?" मी म्हटलं ग्रॅच्युइटी बुडेल का, तर तुम्ही सांगितलंत की पाच वर्षं पूर्ण झालीयेत, राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळणारच, ती भीती काढून टाक. पण राजीनामा दिला की नोटीस तू दिलीस असं होतं, मग नोटीस पिरियडचे पैसे मागायला जागा राहत नाही. आणि पुढच्या कंपनीत बॅकग्राउंड चेक झाला की तू तोंडाने सांगणार लाईन बंद झाली आणि कागद सांगणार वैयक्तिक कारण, तिथे खोटा कोण ठरणार?

मग तुम्ही बसल्या बसल्या हिशोब मांडलात. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून ४२,००० रुपये, भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला साधारण २४,२३१. सात वर्षांवरचे आठ महिने सहा महिन्यांपेक्षा जास्त, म्हणून आठ वर्षं धरायची, एकूण १,९३,८४६. तो आकडा मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला. पाच तारखेला घराचा हप्ता होता, पण त्या रात्री मला झोप लागली ती या एका आकड्यामुळे.

दुसऱ्या दिवशी मी एचआरला शांतपणे सांगितलं की पत्रात 'पद रद्द झाल्यामुळे' असं लिहा. दोन दिवस गेले, पण लिहून मिळालं, नोटीसचे पैसेही मिळाले. माझ्याबरोबरच्या दोघांनी आधीच सह्या केल्या होत्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता पोस्टचं. पहिला ड्राफ्ट मी रात्री दीड वाजता लिहिला होता. सात वर्षं दिली, रविवारी सप्लायरकडे गेलो, कोविडमध्ये प्लांटला गेलो, आणि वीस मिनिटांत बाहेर. सकाळी तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही चहा संपेपर्यंत काही बोलला नाहीत आणि मग विचारलंत, "सगळं खरं आहे. पण हे वाचून तुला फोन कोण करेल, आणि करून काय विचारेल?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी दुसऱ्या टोकाला गेलो, नवीन प्रवास, नवीन संधी, खूप उत्सुक आहे वगैरे. तो तुम्ही अर्धाच ऐकलात. म्हणालात यात नोकरी गेली हेच कळत नाही, लोक अभिनंदन करतील आणि पुढे जातील.

तिसऱ्यासाठी तुम्ही मला कास्टिंगबद्दल विचारत बसलात, तासभर, तुम्हाला त्यातलं काही माहीत नसताना. भोसरीच्या एका फाउंड्रीतून येणारं ॲल्युमिनियमचं एक हाउसिंग लीक टेस्टला फेल व्हायचं, आम्ही कापून बघितलं तर जाड भागात बारीक बारीक भोकं, म्हणजे पोरोसिटी. वितळलेल्या धातूतला हायड्रोजन काढायला डीगॅसिंग करतात, ते रात्रपाळीत घाईघाईत अर्धवट व्हायचं. वेळ लिहून ठेवायला लावली, ओतण्याआधी सँपलची डेन्सिटी बघायला लावली, आणि चार महिन्यांत रिजेक्शन ६.२ टक्क्यांवरून १.८ वर आलं. तुम्ही म्हणालात हे लिही. पण कस्टमरचं नाव नको, पार्ट नंबर नको, प्लांटमधला फोटो नको, तू गुप्ततेच्या करारावर सही केलीयेस. आणि ते डीगॅसिंगचं तिथल्या सुपरवायझरने पकडलं असेल तर 'मी' लिहू नकोस. त्यानेच पकडलं होतं, मी 'आम्ही' लिहिलं.

शेवटी जे टाकलं ते एवढंच होतं:

'३० सप्टेंबरला माझी नोकरी गेली, लाईन बंद झाल्यामुळे पद रद्द झालं. ७ वर्षं ८ महिने सप्लायर क्वालिटी केली, मुख्यतः ॲल्युमिनियम कास्टिंग आणि मशीनिंग. एका सप्लायरकडे लीक टेस्टचं रिजेक्शन आम्ही चार महिन्यांत ६.२ वरून १.८ टक्क्यांवर आणलं. पुणे, चाकण, भोसरी किंवा रांजणगावात सप्लायर किंवा प्रोसेस क्वालिटीचं काम शोधतोय, लगेच जॉईन होऊ शकतो.'

पहिल्या ओळीतच नोकरी गेली हे आलं, कारण 'आणखी वाचा'च्या वर दोनतीन ओळीच दिसतात हे मी तुम्हाला दाखवलं होतं आणि तुम्ही म्हणालात मग खरं तिथेच लिही.

अकरा फोन आले. दोघांनी इंटरव्ह्यूचा गेटपास म्हणून २,५०० रुपये मागितले, ते फोन मी तिथेच ठेवले, नोकरी देणारा पैसे मागत नाही, हे इथे वाचणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. काही जण नुसती चौकशी करणारे होते. कामाचे तीन. त्यातला एक भोसरीच्या त्याच फाउंड्रीच्या मालकांचा. त्यांनी पोस्टखाली लिहिलं, "रात्रपाळीला येऊन उभा राहणारा माणूस आहे". ते वाचून मी बाल्कनीत जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

इंटरव्ह्यूला 'का सोडलं' विचारलं की काय बोलायचं, तेही तुम्ही घोकून घेतलंत, एक वाक्य आणि लगेच कामावर यायचं. पहिल्या वेळी माझा आवाज बसला होता. चौथ्या वेळी नाही बसला. पीएफच्या पोर्टलवर 'डेट ऑफ एक्झिट' कंपनीने बरोबर टाकलीये का ते बघायला तुम्हीच लावलंत, ती आणि पत्रातली तारीख एकच आहे. पीएफ काढला नाही, पुढच्या कंपनीत ट्रान्सफर करणार.

ग्रॅच्युइटी काल जमा झाली, १,९३,८४६, तुमच्या पेन्सिलीच्या आकड्याइतकीच. तो कागद मी ऑफर लेटर ठेवायच्या फाईलमध्ये ठेवलाय, फाईल सध्या रिकामी आहे.

काका, तुम्ही माझ्याकडून एक पेढासुद्धा घेतला नाहीत, नोकरी लागल्यावर दे म्हणालात. गुरुवारी रांजणगावला दुसरा राउंड आहे, प्लांटवर फिरवून एखादा डिफेक्ट दाखवणार आहेत आणि कारण शोधायला सांगणार आहेत. संध्याकाळी घरी जायच्या आधी तुमच्याकडे येतो.