खोडलेली किंमत खरोखर कुणी मोजली होती का?

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

दुकानांच्या आणि ऑनलाइन विक्रेत्यांच्या सणाच्या जाहिराती छपाईला जाण्याआधी तपासणे हे आमचे काम आहे. दिवाळीच्या तोंडावर सर्वांत जास्त अडचण येते ती खोडून दाखवलेल्या किमतीची.

समजा, एका मिक्सरच्या खोक्यावर एमआरपी ५,९९९ रुपये आहे. दुकानात तो ऑगस्टभर २,४९९ला विकला गेला, सप्टेंबरअखेर आठवडाभर २,१९९ला. आता दिवाळीची जाहिरात येते: ५,९९९ खोडलेले, २,३९९ मोठ्या अक्षरांत आणि शेजारी ‘६०% सूट’. गणित बरोबर आहे, एमआरपीही खोक्यावर आहे. पण ऑगस्टच्या भावाशी ताडले तर सूट अवघी ४ टक्के भरते आणि मागच्या आठवड्याशी ताडले तर मिक्सर २०० रुपयांनी महागला आहे.

एमआरपी ही कमाल मर्यादा आहे. तिच्या वर विकू नये एवढाच तिचा अर्थ. ती उत्पादक स्वतः ठरवतो. म्हणून ती सुटीचा पाया होऊ शकत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

आम्ही विक्रेत्याकडून योजना सुरू होण्याआधीच्या ३० दिवसांची बिले मागतो, जाहिरातीतल्या नेमक्या त्याच मॉडेलची. मॉडेल क्रमांक ताडणे इथे फार महत्त्वाचे, कारण जुन्या ७५० वॅटच्या मिक्सरची किंमत नव्या ५०० वॅटच्या चित्राशेजारी सर्रास येते. त्या बिलांतली सर्वांत कमी किंमत हाच पाया. बँकेच्या कार्डावरची सवलत वेगळ्या ओळीत घ्यायला लावतो, कारण ती सर्वांना मिळत नाही. ‘६०% पर्यंत’ असेल तर किती वस्तूंवर खरोखर ६० टक्के आहे, याची यादी मागतो. दोनशे वस्तूंत तीनच निघाल्या, तर तो आकडा मथळ्यात राहू देत नाही.

बिले मिळाली नाहीत, तर खोडलेली किंमत काढून फक्त विक्रीची किंमत ठेवायला सांगतो. इथेच विक्रेता अडतो: ‘कायद्यात कुठे लिहिलंय?’ त्याचा प्रश्न रास्त आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंडही आहे. पण मागच्या किती दिवसांची किंमत धरायची, हे त्यात नाही.

युरोपीय संघात मे २०२२पासून हा नियम लागू आहे: किंमत उतरवल्याची जाहिरात करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. टक्केवारीही त्याच किमतीवरून काढावी लागते, असे तिथल्या न्यायालयाने २०२४मध्ये स्पष्ट केले.

आपल्या तत्त्वांतही ही ३० दिवसांची अट घालावी, आणि योजनेतल्या प्रत्येक वस्तूचा किंमत-तक्ता विक्रेत्याने वर्षभर जपावा, तक्रार आल्यास तो सादर करावा, अशी आमची मागणी आहे. बाजारात नुकत्याच आलेल्या वस्तूला मागचा भावच नसतो. तिच्यावर सुटीचा शिक्का नको, ‘नवीन’ एवढेच पुरे.

आपले,
जाहिरातींचा मजकूर तपासणारे