‘मला एमएसजी सोसत नाही’ म्हणणाऱ्या १३० जणांचं काय झालं

मा. संपादक,

पदार्थाची चव वाढवायला घालतात त्या एमएसजीवरची वाचकांची पत्रं वाचली, बहुतेकांचं म्हणणं एकच की खाल्लं की डोकं दुखतं, म्हणजे ते विषारीच. त्रास खरा असतो, पण तो एमएसजीनेच झाला का हे तपासता येतं आणि तपासून झालंय सुद्धा, ते कोणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र.

एमएसजी म्हणजे ग्लुटामिक ॲसिडचं सोडियम असलेलं मीठ. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला उमामी नाव दिलं. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरवलेल्या चीजमध्ये असतं, शरीराला ते आणि एमएसजीतलं ग्लुटामेट यात फरक कळत नाही. जिभेवर त्याची चव ओळखणारा रिसेप्टर आहे, पण त्याला फक्त मोकळं ग्लुटामेट लागतं, प्रोटीनमध्ये अडकलेलं असेल तर चव येत नाही, चीज मुरताना ते मोकळं होतं, म्हणून तर चीज मुरलं की चव वाढते.

आता ट्रायल. २००० साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात आपल्याला एमएसजीचा त्रास होतो असं स्वतःच सांगणारे १३० जण घेतले, आणि जेवणाशिवाय एकदा ५ ग्रॅम एमएसजी, एकदा नुसतं प्लासिबो, म्हणजे एमएसजी नसलेलं पण तसंच भासणारं काहीतरी दिलं, कधी काय दिलं ते घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. ठरवलेल्या १० लक्षणांपैकी दोन तरी आली तर रिॲक्शन धरायची. ५० जणांना फक्त एमएसजीने त्रास झाला, १७ जणांना फक्त प्लासिबोने आणि १९ जणांना दोन्हीने! म्हणजे एमएसजीचा कणही नसताना ३६ जणांना त्रास झालाच.

इथेच थांबलं तर एमएसजी दोषी वाटतं, कारण ५० हा आकडा १७ पेक्षा बराच मोठा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पण ज्यांना रिॲक्शन आली त्यांनाच पुढे परत परत तपासलं, चवीवरून ओळखता येऊ नये म्हणून एका फेरीत कॅप्सूल दिल्या, शेवटच्या फेरीत जेवणाबरोबर दिलं, आणि दर फेरीत माणसं गळत गेली. शेवटी एमएसजीला रिॲक्शन देणारे दोघंच उरले, त्यांचीही लक्षणं दर वेळी वेगळी.

माझ्या मते याचा अर्थ इतकाच, की रिकाम्या पोटी एकदम ५ ग्रॅम घेतलं तर काही जणांना थोडा वेळ त्रास होऊ शकतो, पण जेवणातून घेतल्यावर तो ठरावीकपणे होतो असं दिसलं नाही. आणि वरून एमएसजी घातलेल्या पदार्थाच्या एका सर्व्हिंगमध्ये ते साधारण अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमीच असतं. त्यामुळे यापुढे एमएसजीने त्रास झाल्याची बातमी छापताना किती ग्रॅम, जेवणाबरोबर की नुसतं, आणि प्लासिबो होतं का, एवढं तरी सोबत छापा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक