ऑटो स्कॅन रिकामा, मॅन्युअल स्कॅनमध्ये पाच वाहिन्या : तुमच्या डीव्हीबी-टी2 बॉक्सबद्दल तक्रार

दि. 19 नोव्हेंबर 2018
चाळीसगाव, जि. जळगाव

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ऑटो स्कॅनमधील चुकीचे सेटिंग, त्यावरून ग्राहकाला दिलेले चुकीचे उत्तर आणि दुरुस्तीची मागणी

महोदय,

छतावरच्या अँटेनावरून दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण पकडणारा तुमच्या कंपनीचा डीव्हीबी-टी2 सेट-टॉप बॉक्स मी दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन मागवला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. बॉक्स जोडला, छतावर यूएचएफची अँटेना लावली आणि तुमच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ऑटो स्कॅन केला. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली आणि खाली आलं, "वाहिन्या : 0". वायर ओढायला मदतीला आलेला शेजारचा मुलगा म्हणाला, "भाऊ, एक बी चॅनल उनं नही."

तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळालं की ऑटो स्कॅनमध्ये काही आलं नाही याचा अर्थ तुमच्या भागात सिग्नलच नाही, बॉक्स ठीक आहे, त्यामुळे तो परत घेता येणार नाही. माझी तक्रार या उत्तराबद्दल आहे, कारण ते खोटं आहे. त्याच बॉक्सवर, त्याच अँटेनावर, मॅन्युअल स्कॅन केल्यावर दूरदर्शनच्या पाचही वाहिन्या माझ्या घरी स्वच्छ दिसतात. फोटो सोबत आहेत. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे मीटर आणि वायर हातातल्या आहेत. ज्याच्या नसतील त्यानं तुमच्या उत्तरावर विश्वास ठेवून बॉक्स माळ्यावर टाकला असता.

पहिला दोष तुमच्या देशांच्या यादीत आहे. बॉक्स पहिल्यांदा सुरू केला की देश विचारतो. त्या यादीत जर्मनी आहे, ब्रिटन आहे, सिंगापूर आहे, भारत नाही. आणि काही न निवडता पुढे गेलं की ऑस्ट्रेलिया आपोआप पकडला जातो. दिल्लीत बसून विकायचा बॉक्स आणि यादीत भारत नाही, यावर मी आणखी काय बोलू! पण हा नुसता नावाचा प्रश्न नाही. ऑटो स्कॅन हवेत जे असेल ते शोधत नाही, निवडलेल्या देशाच्या तक्त्यातल्या फ्रिक्वेन्सी एकामागून एक तपासतो. ऑस्ट्रेलियात यूएचएफमधला एक चॅनल 7 मेगाहर्ट्झ रुंद असतो, आपल्याकडे 8. आपल्याकडे चॅनल 21 चा मध्य 474 वर आणि पुढे दर चॅनलला 8 मिळवत जायचे : 482, 490, असं करत चॅनल 30 ला 546. तुमचा बॉक्स मात्र 529.5, 536.5, 543.5, 550.5 अशा उड्या मारतो. म्हणजे 546 वर प्रक्षेपण असेल तर तो त्याच्या अडीच मेगाहर्ट्झ अलीकडे थांबतो, मग साडेचार पलीकडे जातो, मधल्या जागेवर कधी येतच नाही. योगायोगानं मध्य जुळला तरी उपयोग नाही, कारण 7 ची रुंदी धरून 8 चा सिग्नल उलगडत नाही.

हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. स्कॅन चालू असताना स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात फ्रिक्वेन्सीचे आकडे पळतात, ते पाहायचे. आठाआठाच्या अंतरानं पळत असतील तर तक्ता बरोबर, सातासातानं पळत असतील तर स्कॅन तिथंच थांबवावा. मॅन्युअल स्कॅनच्या पानावरही हे दिसतं. योग्य फ्रिक्वेन्सी टाकली आणि बँडविड्थ 7 ठेवली तर सिग्नलची ताकद दाखवणारी पट्टी चांगली भरते, क्वालिटीची पट्टी मात्र शून्यावर बसून राहते. बँडविड्थ 8 केली की दोन-तीन सेकंदांत क्वालिटी उचल खाते. पहिली पट्टी भरलेली आणि दुसरी रिकामी, असं चित्र दिसलं तर त्याला "सिग्नल नाही" म्हणत नाहीत. लहर येते आहे, बॉक्सला ती उलगडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसांना कोणीतरी सांगायला हवं.

मी देश बदलून सिंगापूर केला, कारण तिथलं प्रक्षेपणही डीव्हीबी-टी2 आहे आणि रुंदी 8 आहे. आता आकडे बरोबर पळू लागले. (बॉक्सचं घड्याळही सिंगापूरला गेलं. संध्याकाळच्या सातच्या बातम्या लागतात तेव्हा बॉक्स साडेनऊ दाखवतो आणि टायमर लावून केलेलं रेकॉर्डिंग भलत्याच वेळी होतं. हाही तुमच्याच यादीचा प्रसाद.) इतकं करूनही चाळीसगावात ऑटो स्कॅनचं उत्तर पुन्हा शून्यच आलं.

इथं तुम्ही म्हणाल, बघा, सिग्नलच नाही. म्हणून मी हाच बॉक्स माझ्या मेहुण्यांकडे कन्नडला नेला. घाट चढून वर. तिथं सिंगापूरचा तक्ता ठेवून ऑटो स्कॅन केला आणि पाचही वाहिन्या पहिल्या झटक्यात आल्या : डीडी नॅशनल, न्यूज, भारती, स्पोर्ट्स आणि प्रादेशिक वाहिनी. तोच बॉक्स ऑस्ट्रेलियावर ठेवला की कन्नडलाही शून्य. म्हणजे पहिला दोष तुमच्या तक्त्याचा, हे तिथं सिद्ध झालं. चाळीसगावात त्याखेरीज आणखी काहीतरी आहे.

ते काय, हे इथला भूगोल पाहिला की कळतं. दूरदर्शननं 2016 मध्ये ज्या 16 शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं त्यांत औरंगाबाद आहे, आणि तिथला मनोरा म्हैसमाळच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. कन्नड पठारावर आहे, तिथून मनोरा हवाई अंतरानं वीसेक किलोमीटर. चाळीसगाव घाटाच्या पायथ्याशी खान्देशच्या सखल भागात, साडेतीनशे मीटरच्या आसपास. हवाई अंतर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरच भरतं, पण मध्ये सातमाळा-अजिंठ्याची रांग आडवी आहे. सरळ रेषा डोंगरात अडकते. आमच्यापर्यंत येतं ते डोंगराच्या काठावरून वाकून खाली उतरलेलं, अशक्त झालेलं. जुन्या ॲनालॉगमध्ये अशा ठिकाणी मुंग्या आलेलं चित्र तरी दिसायचं. डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. क्वालिटी एका पातळीच्या वर असली तर चित्र पूर्ण स्वच्छ, खाली गेली की पडदा काळा.

अशा सिग्नलला ऑटो स्कॅन न्याय देत नाही, कारण तो थांबतच नाही. 474 पासून 858 पर्यंत यूएचएफचे 49 चॅनल त्याला उरकायचे असतात, म्हणून एका ठिकाणी तो जेमतेम एक-दीड सेकंद घालवतो. कन्नडसारख्या ठिकाणी तेवढ्यात पकड बसते. इथं पकड बसायला त्याहून जास्त वेळ लागतो, तोवर तो पुढे गेलेला असतो, आणि मागे वळून पाहायची सोय त्याच्यात नाही. पहाटे गारव्यात इथं क्वालिटी थोडी वाढते, तेव्हा ऑटो स्कॅनलाही वाहिन्या सापडल्या. दुपारी उन्हात पुन्हा शून्य. सकाळी आहे आणि दुपारी नाही असं दाखवणाऱ्या स्कॅनवरून तुम्ही कव्हरेजचा निकाल देता!

मॅन्युअल स्कॅन एका फ्रिक्वेन्सीवर ठाण मांडून बसतो. मी औरंगाबाद केंद्राची फ्रिक्वेन्सी टाकली (आकडा फोटो क्रमांक 3 मध्ये दिसतो), बँडविड्थ 8, प्रकार डीव्हीबी-टी2, आणि शोध सुरू न करता नुसत्या पट्ट्या पाहत राहिलो. मुलगा छतावर, मी खाली टीव्हीसमोर. अँटेनाच्या दांड्या जमिनीला समांतर ठेवून तोंड कन्नड घाटाकडे, म्हणजे दक्षिणेला पण जरासं पूर्वेकडे कललेलं, आणि मग बोटभर इकडे, बोटभर तिकडे. सिग्नलची पट्टी फारशी हलत नव्हती, क्वालिटी मात्र एका कोनावर एकदम वर आली. तिथं नट आवळला आणि मग शोध सुरू केला. पाच वाहिन्या यादीत उतरल्या. ऑटो स्कॅन करत अँटेना फिरवली असती तर हे जमलंच नसतं. त्यात पट्टी दिसत नाही, फक्त शेवटी निकाल दिसतो.

मॅन्युअलची मर्यादाही लिहितो, म्हणजे मी एकतर्फी बोलतो असं वाटायला नको. तुम्ही दिलेल्या एकाच आकड्यावर जे असेल तेच त्यातून मिळतं. उद्या दूरदर्शननं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर आणखी वाहिन्या सुरू केल्या तर मॅन्युअल करणाऱ्याला पत्ताही लागणार नाही, ऑटो करणाऱ्याला कदाचित लागेल. आणि जिथं खरोखर काही पोहोचत नाही तिथं कितीही थांबलं तरी दुसरी पट्टी हलत नाही. म्हणून दोन्ही स्कॅन हवेत, आणि कोणता कधी वापरायचा हे पुस्तिकेत हवं. तुमच्या पुस्तिकेत मॅन्युअल स्कॅनला दोन ओळी आहेत, त्यातली एक अशी : "आवश्यक असल्यास वापरा."

शेवटचा दोष सगळ्यांत संतापजनक. मॅन्युअलनं मिळवलेल्या वाहिन्या यादीत असताना कोणी ऑटो स्कॅनचं बटण दाबलं तर तुमचा बॉक्स आधी जुनी यादी पुसतो आणि मग शोधायला निघतो. विचारत नाही, इशारा देत नाही. घरात वडील आहेत, त्यांनी आवाज वाढवायला म्हणून रिमोट हातात घेतला आणि मेनूत शिरून ओके दाबत गेले. पाच वाहिन्या गेल्या, हाती शून्य. शून्य सापडल्यावर जुनी यादी परत ठेवण्याइतकी अक्कल त्या सॉफ्टवेअरमध्ये घालायला फार खर्च येणार नाही.

माझ्या मागण्या अशा. देशांच्या यादीत भारत घाला, यूएचएफला 8 मेगाहर्ट्झ आणि भारतीय वेळ लावून, आणि ते अपडेट पेन ड्राइव्हनं टाकता येईल अशा स्वरूपात मला पाठवा. ऑटो स्कॅननं जुनी यादी पुसण्याआधी विचारावं. हेल्पलाइननं "सिग्नल नाही" म्हणण्याआधी ग्राहकाला मॅन्युअल पानावरच्या दोन्ही पट्ट्या वाचायला लावाव्यात. आणि अपडेट देता येत नसेल तर बॉक्स परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, येण्याजाण्याचा कुरिअर खर्च तुमचा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी हेच पत्र, फोटोंसह, जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे देईन.

आपला,
(सही)
चाळीसगावचा एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, स्कॅनचे फोटो (1. ऑस्ट्रेलिया तक्ता, 2. सिंगापूर तक्ता, 3. मॅन्युअल पान पट्ट्यांसह, 4. वाहिन्यांची यादी)