नुसत्या टक्क्यावरून काय दुरुस्त करायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रबंध जमा करायचे दिवस आले की ग्रंथालयात आमच्या टेबलासमोर काही मुले घुटमळत उभी राहतात. हातात एक छापील ओळ असते: ‘साम्य ३४ टक्के. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.’ बस्स. कुठल्या पानावर साम्य आहे, कशाशी आहे, याचा पत्ता नसतो. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा पूर्ण अहवाल शिक्षकांना आणि ग्रंथालयाला उघडता येतो. तो विद्यार्थ्यालाही दिसू द्यायचा की नाही, हे टर्निटिनसारख्या प्रणालीत शिक्षकांच्या सेटिंगवर ठरते. अनेकदा ती सेटिंग बंदच असते. मी ग्रंथपाल असल्यामुळे हा अहवाल रोज पाहतो. न पाहता केलेली दुरुस्ती कशी वाया जाते, हेही पाहतो. म्हणून हे पत्र.

अलीकडेच एक मुलगी अशीच ३४ टक्क्यांची चिठ्ठी घेऊन आली. प्रबंध साधारण १२,००० शब्दांचा. चिठ्ठी मिळाल्यावर आठवडाभर जागून तिने चौथे प्रकरण, म्हणजे तिचे स्वतःचे विश्लेषण, शब्द बदलून पुन्हा लिहिले होते. ‘पाहणी’चे ‘सर्वेक्षण’ झाले होते, ‘उत्तरदाते’ जाऊन ‘प्रतिसादक’ आले होते. आधीची वाक्ये सरळ होती, आता ती अडखळत होती. मी तिला शेजारी बसवून अहवाल उघडला, तर चौथ्या प्रकरणात तिने घाबरावे असे काहीच नव्हते.

३४ टक्के आले कुठून? पहिले सहा टक्के संदर्भसूचीचे. एकच पुस्तक दहा जणांनी वापरले तर दहाही जणांच्या सूचीत त्याची नोंद जवळपास सारखीच दिसणार. सूची वगळण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते आणि इथे ती चालूही होती. पण सूची कुठे सुरू होते हे सॉफ्टवेअर ठरावीक शीर्षकांवरून ओळखते. हिने शीर्षक दिले होते ‘वापरलेले साहित्य’. ते ओळखले गेले नाही आणि सगळी सूची मोजणीत आली. ती बाजूला काढली, आकडा २८ वर आला.

खरा घोळ पुढे होता. यादीत सगळ्यात वर, एकट्याचे १९ टक्के साम्य असलेला स्रोत होता ‘विद्यार्थ्याचे लेखन’, आणि संस्थेचे नाव आमचेच. मार्गदर्शकांचा समज झाला की हिने आधीच्या एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध उतरवला. सादर केल्याची तारीख पाहिली तर ती चारच महिन्यांपूर्वीची निघाली. उतारा उघडला, तर तक्त्याच्या मथळ्यात ‘टक्केवारी’ऐवजी ‘टकेवारी’ पडले होते. हिच्या नव्या प्रतीतही तीच चूक. तो तिचाच पहिला मसुदा होता. विभागाने तो दुसऱ्या खात्यावरून तपासला आणि तपासताना संग्रहात साठवूनही टाकला. मग अंतिम प्रत आली, तेव्हा यंत्राने प्रामाणिकपणे सांगितले की हा मजकूर आपल्याकडे आधीपासून आहे.

तो मसुदा वगळल्यावर २८ मधून १९ जाऊन ९ उरायला हवे होते. आकडा दाखवला ११. मुलीचा चेहरा उतरला, पण त्यामागेही कारण आहे. एकच वाक्य दोन-तीन ठिकाणी जुळत असेल तर मुख्य यादीत ते सर्वाधिक जुळणाऱ्या स्रोताच्या नावावर मांडले जाते आणि बाकीचे त्याच्याखाली झाकले जातात. वरचा स्रोत काढला की खालचे वर येतात. म्हणून ‘हा स्रोत वगळा’ एवढे सांगून उठू नये, वगळल्यानंतरची यादीही दाखवायला सांगावी.

उरलेल्या ११ मध्ये चार टक्के प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि परिशिष्टातल्या ठरलेल्या प्रश्नावलीचे. ती सगळ्यांची तीच असते. बाकीच्या सातांत बहुतेक ‘प्रस्तुत अभ्यासाचा मुख्य उद्देश’ अशा धाटणीचे आठ-दहा शब्दांचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले. आणि दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद, सलग १७० शब्दांचा, एका लेखातून जसाच्या तसा. लेखकाचे नाव कंसात होते, अवतरणचिन्हे नव्हती. चूक होती ती ही. एकूण लेखनात तिचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी, म्हणजे प्रबंधाचा आकडा आठ टक्के आला असता तरी ती चूकच राहिली असती. आणि आठवडाभर जागलेल्या मुलीने नेमका त्याच परिच्छेदाला हात लावला नव्हता, कारण तो तिला कोणी दाखवलाच नव्हता.

म्हणून मुलांना माझे सांगणे आहे की शिक्षकांकडे ‘टक्के कमी कसे करू?’ असे विचारत जाऊ नका. खुणा केलेला अहवाल मागा, त्याची पीडीएफ निघते. देता येत नसेल तर पंधरा मिनिटे स्क्रीनसमोर शेजारी बसू देण्याची विनंती करा. बसल्यावर आधी खात्री करा की तपासलेली फाईल तुमची शेवटचीच प्रत आहे. मग वरच्या चार-पाच स्रोतांची नावे, प्रत्येकाचे टक्के आणि पाने लिहून घ्या. सूची, अवतरणे आणि बारीक जुळण्या वगळल्या आहेत का, आणि बारीक म्हणजे किती शब्दांपर्यंत, हे विचारा. स्रोत ‘विद्यार्थ्याचे लेखन’ असेल तर सादर केल्याची तारीख विचारा. दुसऱ्या संस्थेतला असेल तर त्याचा मजकूर शिक्षकांनाही सहसा परवानगीशिवाय उघडता येत नाही, पण तुमच्या प्रतीतला जुळलेला भाग खूण केलेला दिसतो.

ग्रंथालयाला विचारायचा प्रश्न एकच, पण तो आधी विचारायचा: माझा मसुदा तपासल्यावर साठवला जाणार आहे का? न साठवता तपासण्याचा पर्याय असतो. मसुद्यांसाठी तोच निवडा म्हणावे आणि फक्त अंतिम प्रत साठवावी. आधीच साठवला गेला असेल तर तो स्रोत वगळून नवा अहवाल काढायची लेखी विनंती करावी, जुन्या मसुद्याची तारीख देऊन.

काही मुले धीर सुटून बाहेरच्या फुकट संकेतस्थळावर प्रबंध चढवतात आणि तिथे ९ टक्के आले म्हणून आमच्याशी वाद घालतात. त्या संकेतस्थळाचा संग्रह वेगळा, आमचा वेगळा, त्यामुळे आकडा जुळणारच नाही. शिवाय चढवलेला प्रबंध तिथे साठवला जातो की काय, हे कोणी वाचून पाहत नाही.

शिक्षकांनाही एक हात जोडून विनंती आहे. प्रत परत करताना आकड्याखाली दोन ओळी लिहा. या मुलीच्या चिठ्ठीवर ‘पान २३, दुसरा परिच्छेद, अवतरणचिन्हे नाहीत’ एवढे असते तर काम एका संध्याकाळचे होते. तिने तो परिच्छेद अखेर दोन वाक्यांत आपल्या शब्दांत मांडला, एक महत्त्वाचे वाक्य अवतरणात ठेवले, आणि चौथे प्रकरण जुन्या फाईलमधून जसे होते तसे परत आणले.

आपला,
एक ग्रंथपाल