किचनच्या दुसऱ्या चिठ्ठीवर नोट नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रांच्या पानावर हॉटेलांबद्दल बऱ्याच तक्रारी येतात, सांगितलं एक आणि आणलं भलतंच, बिल वेगवेगळं करून मागितलं तर काउंटरवाला तोंड वाकडं करतो वगैरे. मी धुळे-जळगाव हायवेवर पारोळ्याजवळच्या एका फॅमिली हॉटेलात सोळा वर्षं कॅप्टन म्हणून काम करतोय, म्हणजे टेबलावर ऑर्डर घेणारा माणूस मीच. या तक्रारी खोट्या नाहीत. पण गडबड नेमकी कुठे होते ते ना गिऱ्हाइकाला माहीत असतं ना बऱ्याच मालकांना, म्हणून आमच्याच हॉटेलातला एक प्रसंग सगळा लिहितो.

मागच्या हिवाळ्यातली संकष्टी होती. पद्मालयाहून दर्शन करून आठ जण आले, तीन घरची माणसं. पहिल्या घरचे आईबाप, मोठी मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा, दुसरं जोडपं त्यांच्या ओळखीचं, आणि सोबत एक वयस्कर काका-काकू, त्या दोघांचा उपास. ऑर्डर अशी होती, तीन भरीत, दोन शेवभाजी, कळण्याच्या भाकरी, काका-काकूंना साबुदाण्याची खिचडी आणि ताक. मुलाची आई म्हणाली, दादा याच्या भरतात शेंगदाणे अजिबात टाकू नका, याला अॅलर्जी आहे, मागे एकदा ओठ सुजून रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मी टॅबवर टाकलं भरीत 3 आणि खाली नोट लिहिली, एकात शेंगदाणे नको.

इथेच पहिली चूक झाली, आणि ती माझी होती. केओटी म्हणजे किचनला जाणारी चिठ्ठी, तिच्यावर टेबल नंबर, वेळ, पदार्थ आणि नग एवढंच मोठ्या अक्षरात येतं आणि नोट पदार्थाखाली बारीक अक्षरात. आता आचारी चिठ्ठी कशी वाचतो ते समजून घ्या. त्याच्यासमोर एकावेळी चार-पाच चिठ्ठ्या लावलेल्या असतात, तो टेबल बघत नाही, तो बेरीज करतो. या टेबलाचे तीन, त्या टेबलाचे दोन, पलीकडचं एक, झाले सहा भरीत, टाकली एक मोठी कढई. आपल्याकडे भरताला वांगी आधीच भाजून बडगीत ठेचून ठेवलेली असतात पण शेंगदाणे जातात फोडणीत, हिरवी मिरची-लसणासोबत तेलात तळून, आणि वरून कांद्याची पात. म्हणजे सहाची फोडणी एकदा पडली की त्यातून एका प्लेटीचे दाणे काही काढता येत नाहीत. "एकात नको" ही नोट तीनच्या ओळीखाली असली तर आचाऱ्याच्या बेरजेत ती हरवते. बरोबर पद्धत म्हणजे दोन ओळी करायच्या, भरीत 2 साधं, आणि वेगळ्या ओळीत भरीत 1 शेंगदाणे नाही, अॅलर्जी. वेगळी ओळ दिसली की तो वेगळी कढई घेतो.

त्या दिवशी पहिल्या वेळेस वाचलो कारण मी स्वतः किचनमध्ये जाऊन ओरडून सांगितलं होतं. पोराने भरीत आवडीने खाल्लं आणि अजून एक मागितलं. मी दुसऱ्या टेबलावर होतो, वेटर पोराने टॅब घेतला, सात नंबर टेबल, भरीत 1, पाठव. दुसरी चिठ्ठी निघाली, तिच्यावर फक्त भरीत 1. नोट नाहीच. कारण नोट त्या आधीच्या ओळीला चिकटलेली असते, टेबलाला किंवा माणसाला नाही, आणि नवीन चिठ्ठीवर फक्त नवीन पदार्थ छापला जातो. आचाऱ्याने चालू कढईतलं भरीत वाढलं. ते टेबलावर गेलं, आईने सवयीने चमच्याने उकरून बघितलं आणि दाणा दिसला. पोराने घास घेतला नव्हता म्हणून बरं, नाहीतर आमच्या हायवेवरून दवाखाना गाठेपर्यंत काय झालं असतं ते मला आजही नकोसं वाटतं. मी आत गेलो, आचारी म्हणाला, "चिठ्ठीवर लिखेल नही व्हतं." खरंच नव्हतं. त्याची काही चूक नव्हती.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. मेनूतच "भरीत शेंगदाणे विना" असा वेगळा पदार्थ टाकला, भाव तोच, म्हणजे रिपीट मारलं तरी तेच नाव छापलं जातं. आणि अॅलर्जीचं गिऱ्हाईक असेल तर ग्राहकाच्या नावाच्या जागी "शेंगदाणा अॅलर्जी" असं टाइप करतो, कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते नाव त्या टेबलाच्या प्रत्येक केओटीवर वरच्या बाजूला येतं. गिऱ्हाइकांनाही विनंती आहे की "नको" आणि "अॅलर्जी" हे वेगवेगळं सांगा. नुसतं नको म्हटलं तर आम्ही दाणे टाकत नाही पण कढई आणि चमचा तोच राहतो, अॅलर्जी म्हटलं तर कढई धुवून घ्यावी लागते, तेल कोणतं ते बघावं लागतं, आणि त्याच टेबलावरची साबुदाण्याची खिचडी, जिच्यात दाण्याचं कूट असतंच, ती लांब ठेवावी लागते. आणि दुसऱ्यांदा मागवताना परत सांगा, शंभर वेळा सांगितलं तरी आम्हाला राग येत नाही.

याच्या उलट काही बदल असे असतात की ते होत नाहीत, आणि कॅप्टनने तिथल्या तिथे सांगायला पाहिजे. शेवभाजी कांदा-लसूण शिवाय द्या म्हणतात. आमच्याकडे शेवभाजीचं वाटण सकाळीच होतं, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि काळा मसाला सगळं एकत्र, ऐनवेळी त्यातून कांदा काढायचा कुठून? तर्री कमी, कोथिंबीर नको, शेव वेगळी वाटीत द्या, हे दोन मिनिटात होतं कारण ते सगळं शेवटी वरून पडतं. जे वाटणात आहे ते नवीनच करावं लागतं, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. काही ठिकाणी हो हो म्हणून नेहमीचीच भाजी देतात, जैन माणसाची ही सरळ फसवणूक आहे आणि मला याचा फार संताप येतो.

आता बिलाचं. जेवण झाल्यावर तिन्ही घरचे म्हणाले आमचं आमचं वेगळं करा. बिल आधीच छापून झालं होतं. लोकांना वाटतं काउंटरवाला आळशी आहे, पण छापलेल्या बिलाला नंबर पडलेला असतो, ते आधी कॅन्सल करावं लागतं, कारण लिहावं लागतं, रात्री मालकाच्या रिपोर्टमध्ये ते कॅन्सल बिल दिसतं आणि मग पोराला विचारणा होते की पैसे गेले कुठे. म्हणून तो नाही म्हणतो. हेच बिल छापायच्या आधी सांगितलं असतं तर एका बटनाचं काम होतं.

हिशोब देतो, भाव त्या दिवशीचे. तीन भरीत 160 प्रमाणे 480 (चौथं परत गेलं, ते कारण लिहून केओटीवरून रद्द केलं, बिलात आलं नाही), दोन शेवभाजी 400, बारा भाकरी 300, सहा ताक 180, दोन खिचडी 120. झाले 1480, त्यावर 5 टक्के जीएसटी 74, एकूण 1554. कोणीतरी म्हणालं भागिले आठ करा, डोकी 194 रुपये 25 पैसे. सोपं वाटतं. पण काका-काकूंनी खाल्लं काय, दोन खिचडी आणि दोन ताक, 180 रुपये, जीएसटी धरून 189. सरसकट भागले असते तर त्या दोघांना 388 रुपये 50 पैसे पडले असते, दुपटीच्या वर. काका काही बोलले नाहीत, खिशात हात घातला. वडीलधारी माणसं अशा वेळी बोलत नाहीत, म्हणून मीच थांबवलं.

मग बसून नीट केलं. मधे ठेवलेले पदार्थ म्हणजे दोन भरीत आणि दोन शेवभाजी, 720 रुपये, ते पाच जणांनी खाल्ले, कारण काका-काकूंचा उपास आणि मुलाचं ताट वेगळं. माणशी 144. पहिल्या घरचे तिघे म्हणून 432, मुलाचं भरीत 160, आठ भाकरी 200, दोन ताक 60, झाले 852. दुसरं जोडपं 288, चार भाकरी 100, ताक 60, झाले 448. काका-काकू 180. बेरीज परत 1480 येते ते आधी तपासायचं, मगच टॅक्स लावायचा. टॅक्स धरून 894.60, 470.40 आणि 189, राउंड करून 895, 470, 189, एकूण 1554 बरोबर. दरवेळेस असं जुळत नाही, तीन बिलं वेगवेगळी राउंड झाली की एखादा रुपया इकडेतिकडे होतो, त्याच्यावरून भांडू नका.

अजून एक, वेगळं बिल आणि वेगळं पेमेंट यात फरक आहे. ऑफिसात बिल लावायचं नसेल तर बिल एकच राहू द्या, हिशोबाचा कागद आम्ही देतो, तिघांनी तीन वेळा क्यूआर स्कॅन करून आपापला आकडा टाकायचा, कॅन्सल काहीच करावं लागत नाही. त्या दिवशी शेवटी आम्ही हेच केलं.

पण कोणी काय खाल्लं हे जेवण झाल्यावर आठवायला बसावं लागतं तिथेच निम्मा वेळ जातो. म्हणून आता मोठा ग्रुप आला की मी बसल्या बसल्याच विचारतो, बिल एक का वेगळं. वेगळं म्हटलं की खुर्चीप्रमाणे अ, ब, क टाकतो, मधल्या पदार्थाला "सर्व" लिहितो, भाकरी वाढणाऱ्या पोरालाही सांगून ठेवतो की कोणाकडे किती गेल्या ते मोज. आमच्या मालकांना सुरुवातीला ही कटकट वाटली होती, आता तेच नवीन पोरांना शिकवतात. गिऱ्हाइकांनी हे विचारायची वाट न बघता आधीच सांगितलं तर आमचं काम निम्मं होईल, आणि इतर हॉटेलांनी निदान ती रिपीटच्या चिठ्ठीवरची नोट तरी आजच्या आज तपासून बघावी.

लग्नसराई जवळ आली आहे, आठ-दहा जणांची टेबलं रोज लागतील, त्याच्या आत हे पत्र छापता आलं तर छापावं ही विनंती.

आपला वाचक,
एक हॉटेल कॅप्टन, पारोळा